पन्नासचा डबा का परवडत नव्हता: सुनंदाच्या डब्याचा हिशेब, पायरी पायरीने

सुनंदा ही या गोष्टीतली बाई. चिंचवडच्या एका खानावळीत ती कित्येक वर्षं स्वयंपाकाला होती. शंभर माणसांची आमटी अंदाजाने घातली तरी मिठाला चुकायची नाही. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा दोघं गावी परतली. गाव दौंड तालुक्यातलं, कुरकुंभ एमआयडीसीच्या जवळचं. तिथे ठेकेदारीवर काम करणारी, खोली करून राहणारी पोरं भरपूर, आणि त्यांना दुपारी घरचं जेवण हवं असतं. सुनंदाने दुपारचा डबा सुरू केला आणि भाव ठेवला 50 रुपये, कारण बाजारात आणखी दोघी जणी तेवढ्यालाच देत होत्या.

खानावळीत रांधायचं काम तिचं, हिशेब मालकाचा. त्यामुळे रांधायला ती शिकली होती, भाव काढायला नाही. ते तिला शिकवलं तिच्या चुलत दिराने. तो गावच्या दूध डेअरीचा सचिव, रोज फॅटवर दर काढणारा माणूस.

पुढचे सगळे दर सुनंदाच्या बाजारातले धरले आहेत. तुम्ही तुमचे घाला. पद्धत तीच राहील.

आधी तराजू, मग वही

"वहिनी, एका डब्यात भाजी किती जाते?" दिराने पहिला प्रश्न विचारला.

"एक वाटी."

"वाटी सांगू नका. ग्रॅम सांगा."

ग्रॅम तिला माहीत नव्हते, आणि बहुतेक घरगुती डबेवाल्यांना नसतात. बाजारात माल किलोने विकत घेतला जातो आणि डब्यात वाटीने, पळीने, नगाने जातो. या दोन मापांची गाठ घातल्याशिवाय एका डब्याचा खर्च निघत नाही. म्हणून पहिली खरेदी इलेक्ट्रॉनिक काट्याची. पाच किलोपर्यंत वजन करणारा साधा काटा पुरतो.

आठवडाभर सुनंदाने कच्चा माल भांड्यात घालण्याआधी तोलला आणि तेवढ्यात किती डबे भरले ते लिहिलं. तिचा डबा असा: चार चपात्या, सुकी भाजी, तुरीची आमटी, भात, सोबत कांदा किंवा लोणचं. एका किलो पिठात तिच्या 33 चपात्या होत होत्या, म्हणजे चपातीला साधारण 30 ग्रॅम पीठ. तांदूळ डब्याला 60 ग्रॅम, डाळ 25 ग्रॅम, तेल सगळं मिळून 25 ग्रॅम. भाजी निवडून, चिरून 130 ग्रॅम.

तेलाचं माप बायका हमखास चुकवतात. फोडणीचं लक्षात राहतं, चपातीला लावायचं आणि कणकेत घालायचं सुटतं. सोपा उपाय असा की धंद्याचं तेल वेगळ्या बरणीत काढायचं, बरणी सोमवारी सकाळी तोलायची, शनिवारी काम संपल्यावर पुन्हा तोलायची, आणि फरकाला आठवड्याच्या डब्यांनी भागायचं.

भाजीचा खरा भाव पिशवीत नसतो

फ्लॉवर 50 रुपये किलोने आणला आणि पानं, दांडा काढून 600 ग्रॅम उरला, तर तो 50 रुपये किलो पडला नाही, 83 रुपये पडला. 50 ला 0.6 ने भागायचं. मटाराच्या शेंगा सोलल्या की निम्म्याहून कमी दाणे हाती लागतात, म्हणजे शेंगांच्या भावाच्या दुपटीपेक्षा जास्त. मेथीच्या जुडीचं देठ आणि मुळं काढली की निम्मी जुडी जाते, आणि शिजल्यावर ती इतकी बसते की डब्यात दिसायला जास्त घालावी लागते. याउलट दुधी, कोबी, बटाटा यांची नासधूस कमी.

सुनंदाने भिंतीवर एक कागद लावला. प्रत्येक भाजीपुढे दोनच आकडे: आणली किती, चिरल्यावर राहिली किती. महिनाभरात तिला कळलं की सगळ्या भाज्या मिळून सरासरी चौथा हिस्सा वाया जातो. सरासरी खरेदी 50 रुपये किलो असेल तर निवडलेली भाजी 66 रुपये 67 पैसे किलो पडते, आणि डब्यातली 130 ग्रॅम भाजी 8 रुपये 67 पैशांची होते.

या कागदाचा आणखी एक उपयोग झाला. मटकी 120 रुपये किलो असली तरी डब्याला 40 ग्रॅम कोरडी मटकी पुरते, कारण मोड आल्यावर ती दुपटीपेक्षा जास्त भरते. उसळीच्या दिवशी भाजीचा खर्च 4 रुपये 80 पैसे. त्यामुळे आठवड्यात दोन दिवस कडधान्य ठेवून एक दिवस मटार-फ्लॉवर देता येतो आणि सरासरी बिघडत नाही. रोजच्या रोज स्वस्त भाजी शोधत बसण्यापेक्षा आठवड्याचा मेनू आधी ठरवून त्याची सरासरी काढलेली बरी. पावसाळ्यात पालेभाजी कडाडते तेव्हा हाच मेनू वाचवतो.

एका डब्याचा कच्चा माल

- गव्हाचं पीठ 120 ग्रॅम, दळणासकट 40 रुपये किलोने: 4.80
- तेल 25 ग्रॅम, 150 रुपये किलोने: 3.75
- तूरडाळ 25 ग्रॅम, 140 रुपये किलोने: 3.50
- तांदूळ 60 ग्रॅम, 50 रुपये किलोने: 3.00
- भाजी: 8.67
- मसाला, मीठ, फोडणीचं सामान, कांदा, लसूण, कोथिंबीर: 4.00
- लोणचं किंवा सोबतचा कांदा: 1.50

बेरीज 29 रुपये 22 पैसे. यावर पाच टक्के नासधुशीचे धरायचे: करपलेली चपाती, दोन डबे जास्तीचा केलेला भात, उतलेली आमटी. झाले 30 रुपये 68 पैसे, धरू 31.

मसाल्याचे चार रुपये तोलून काढता येत नाहीत, तिथे महिन्याची खरेदी भागिले महिन्याचे डबे एवढंच करावं. मोहरीचा ग्रॅम मोजण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. काटेकोरपणा पीठ, तेल, डाळ आणि भाजीत दाखवावा, निम्म्याहून जास्त खर्च तिथेच आहे.

"घरचंच आहे" याचा हिशेब

गावात डब्याचा हिशेब बिघडतो तो खरा इथे. शहरातल्या बाईला प्रत्येक गोष्ट विकत आणावी लागते, म्हणून तिला किंमत दिसते. सुनंदाच्या घरी गहू सासऱ्याच्या रानातला, कोथिंबीर-मिरची परसातली. ती दळणाचे पाच रुपये तेवढे लिहायची, गव्हाचे लिहायचीच नाही.

"गहू तुम्ही खाल्ला नसता, डब्यात घातला नसता, तर काय झालं असतं?" दिराने विचारलं.

"मामांनी विकला असता."

"मग किती आले असते ते डब्यावर लिहा."

नियम एवढाच. घरची वस्तू त्या दिवशी बाजारात ज्या भावाने गेली असती, त्या भावाने वहीत मांडायची. शक्य असेल तर तेवढे पैसे सासऱ्यांच्या हातात द्यायचे. म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला आणि गहू विकत आणायची वेळ आली, तरी डब्याचा भाव कोसळत नाही.

दुसरी गल्लत म्हणजे घराचं आणि धंद्याचं सामान एकाच डब्यात. सकाळी केलेल्या आमटीतली घरची पाच माणसं जेवतात, घरच्या चहाची साखर धंद्याच्या किराणा बिलात येते, आणि महिन्याअखेर कशाचा कशाला मेळ लागत नाही. सुनंदाने पीठ, तांदूळ, डाळ, तेल या चार वस्तूंचे धंद्याचे डबे वेगळे केले आणि झाकणांवर लाल खूण केली. घरच्यांसाठी त्याच भांड्यातलं काढलं की वहीत तेवढे डबे घरच्या नावावर लिहायचे.

गॅस

धंद्याला घरगुती 14.2 किलोची टाकी वापरायला परवानगी नाही. 19 किलोची व्यावसायिक टाकी घ्यावी लागते आणि तिचा भाव किलोमागेही जास्त पडतो. घरगुती टाकीवर हिशेब बसवला तर पुढे तो मोडणारच, म्हणून सुरुवातीपासून मोठ्या टाकीचा भाव धरा.

डब्याला गॅस किती लागतो हे काढायची पद्धत सोपी आहे. टाकी लावली त्या दिवसाची तारीख आणि संपली त्या दिवसाची तारीख खडूने टाकीवरच लिहायची, आणि मधल्या दिवसांतले डबे वहीतून मोजायचे. सुनंदाच्या 1,800 रुपयांच्या टाकीत 450 डबे झाले, म्हणजे डब्याला चार रुपये. पुढच्या टाकीत 450 चे 400 झाले तर कुठेतरी गडबड आहे हे समजायचं: डाळ न भिजवता लावली, बर्नरची भोकं बुजली, किंवा तवा तापून चपातीची वाट बघत राहिला.

भांडी घासायची पावडर, साबण, फडकी यांचा एक रुपया. माल 31, गॅस 4, साबण 1, असे 36 रुपये. डबा वाढला की हा खर्च वाढतो, डबा कमी झाला की कमी होतो. याला आपण डब्यामागचा खर्च म्हणू.

डबे कमी झाले तरी न हलणारा खर्च

काही खर्च मात्र 20 डबे असोत की 30, तेवढाच राहतो. सुनंदाची स्कूटी रोज 18 किलोमीटर फिरते. भरलेले डबे देताना आदल्या दिवशीचे रिकामे घेऊन येते, म्हणून एकच फेरी. पेट्रोल 42 रुपये, आणि टायर, ऑइल, दुरुस्तीसाठी किलोमीटरला एक रुपया. रोजचे 60, महिन्याच्या 26 दिवसांचे 1,560. चपात्या लाटायला आणि भांड्यांना रोज तीन तास येणाऱ्या शेजारच्या काकूंना 4,500. वीज-पाणी 500, फोन 300.

मग भांड्यांची झीज. स्टीलच्या डब्यांचे तिने 60 संच घेतले, कारण प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक संच बाहेर असतो तेव्हा दुसरा घरी भरायला लागतो. संचाला 350 प्रमाणे 21,000 रुपये. झाकणं हरवतात, कड्या तुटतात, कुणी खोली सोडून जाताना डबा परत देत नाही. दोन वर्षांत हे सगळे बदलावे लागतील असं धरलं तर महिन्याला 875. कुकर, शेगडी, पातेली, काटा यांचे 15,000 पाच वर्षांवर वाटले की 250. हे पैसे दर महिन्याला वेगळे काढून बचत गटाच्या खात्यात ठेवायचे, नाहीतर दोन वर्षांनी डबे घ्यायला कर्ज काढावं लागतं.

सगळे मिळून 7,985 रुपये.

यात सुनंदाची मजुरी अजून धरलेली नाही. पहाटे पाचला उठल्यापासून शेवटचा डबा पोचेपर्यंत तिचे रोज सहा तास जातात. "माझं कसलं आलंय भाऊजी, मी तर घरचीच," ती म्हणाली. दिराने उलट विचारलं, "उद्या तुम्ही आजारी पडलात आणि काकूंनाच दोन्ही कामं सांगितली, तर त्या फुकट करतील?" काकूंना तासाला जवळपास 58 रुपये पडत होते. सुनंदाने स्वतःचे 60 धरले. सहा तास, 26 दिवस: 9,360 रुपये. एकूण 17,345.

पन्नासला नेमकं काय होत होतं

तिच्याकडे गिऱ्हाइकं 34 होती, पण सुट्ट्या, गावाला जाणं, रात्रपाळी यांमुळे रोज जाणारे डबे सरासरी 30. हिशेब नेहमी या दुसऱ्या आकड्यावर करायचा. महिन्याला झाले 780 डबे.

50 रुपयांतून डब्यामागचे 36 गेले की 14 उरतात. 780 डब्यांचे 10,920. त्यातून न हलणारे 7,985 वजा केले की 2,935 राहतात. सुनंदाच्या महिन्याच्या 156 तासांची ही कमाई. तासाला 19 रुपयेसुद्धा नाहीत.

तरी तिला तोटा कधी जाणवला नव्हता, कारण महिन्याला 39,000 रुपये हातातून फिरत होते आणि शेवटी 7,350 च्या आसपास उरत होते. त्या 7,350 मध्ये सासऱ्याचा सुमारे 94 किलो गहू होता, 3,290 रुपयांचा. भांड्यांची 1,125 रुपयांची झीज होती. हे दोन्ही वजा केले की तेच 2,935. उरलेली रोकड म्हणजे नफा असं समजून कित्येक डबे वर्ष-दीड वर्ष चालतात आणि भांडी बदलायची वेळ आली की बंद पडतात.

50 रुपयांतच स्वतःची मजुरी काढायची तर किती डबे लागतील? 17,345 ला 14 ने भागलं की 1,239, म्हणजे रोज 48. एका शेगडीवर, एका मदतनीस बाईवर ते होत नाहीत. भाव 65 केला तर डब्यामागे 29 उरतात आणि रोज 23 डब्यांत तिची मजुरी धरून सगळा खर्च निघतो. तुमच्या धंद्याचा हा एक आकडा काढून ठेवाच: स्वतःची मजुरी धरून न हलणारा खर्च भागिले डब्यामागे उरणारे पैसे.

भाव वाढवताना

एकदम 65 सांगितलं तर पोरं जातील ही भीती खरी होती. सुनंदाने तीन गोष्टी केल्या. महिना आधी सांगितलं, आणि ज्यांचे पैसे आगाऊ आले होते त्यांचा महिना जुन्याच भावाने पुरा केला. आगाऊ पैसे देणाऱ्यालाच महिन्याचा डबा, आणि खाडा धरायचा तर आदल्या रात्री आठपर्यंत सांगायचं, हा नियम लावला. आठनंतर सांगितलं तर डबा धरला जाईल, कारण मटकी भिजलेली असते आणि भाजी आणलेली असते. तिसरी गोष्ट म्हणजे ज्याला 65 जड जातात त्याच्यासाठी छोटा डबा काढला: तीन चपात्या, भाजी, लोणचं, भात-आमटी नाही, 45 रुपये. त्याचा डब्यामागचा खर्च साडेचोवीस येतो आणि साडेवीस उरतात.

पूर्ण डब्यातली भाजी कमी करून भाव तोच ठेवायचा मार्गही होता, पण मी तो कुणालाच सुचवणार नाही. राबणाऱ्या पोराला वाटी हलकी झालेली पहिल्या दिवशी कळते. छोटा डबा उघडपणे छोटा असतो, म्हणून त्याची तक्रार येत नाही.

काही पोरं गेलीच. रोजचे डबे 30 वरून 27 वर आले: 22 पूर्ण, 5 छोटे. रोज उरतात 740 रुपये 50 पैसे, महिन्याला 19,253. न हलणारे 7,985 वजा जाता 11,268. म्हणजे तासाला 72 रुपये, आणि गव्हाचे पैसे सासऱ्यांना वेगळे पोचतात.

पाळत ठेवायची ती दोन जागांवर

हिशेब एकदा काढून चालत नाही, पण रोज सगळं तोलायचीही गरज नाही. सुनंदा आता दोनच गोष्टी बघते. एक, किलो पिठाच्या चपात्या. काकूंचा उंडा हळूहळू मोठा होत गेला आणि 33 च्या 27 झाल्या, तेव्हा डब्याला एक रुपया आठ पैसे जास्त जायला लागले. 780 डब्यांना तेच 840 रुपये होतात. उंडे करून झाले की चार-पाच उंडे काट्यावर टाकायचे, 48 ग्रॅमच्या आसपास असले की लाटायला घ्यायचे. दोन, आठवड्याची भाजीची खरेदी भागिले डबे. तो आकडा साडेआठ-नऊवरून सलग तीन आठवडे अकराच्या पुढे राहिला तर आधी मेनू बदलायचा, आणि तरीही उतरला नाही तर भावाचा विचार करायचा.

कागदपत्रांत अन्नपदार्थाच्या छोट्या धंद्याला एफएसएसएआयची मूळ नोंदणी लागते. ती foscos.fssai.gov.in वर होते. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

मोठी ऑर्डर आली तेव्हा

डबा बसल्यावर एक ठेकेदार आला. त्याच्या कामगारांना रोज 40 डबे हवे होते, एकाच गेटवर, 45 रुपयांनी, पैसे दीड महिन्याने. आधीची सुनंदा लगेच हो म्हणाली असती. आता तिने वही काढली.

45 मधून 36 गेले की 9, चाळीस डब्यांचे रोज 360. गेट तिच्या वाटेवरच होतं, पेट्रोल वाढणार नव्हतं. पण आणखी एक बाई लागणार, रोजचे 173. आणखी 80 संच डबे, 28,000 रुपये, दोन वर्षांवर वाटले की रोजचे 45. तिचे स्वतःचे अडीच तास वाढणार, 150. वसुली वेळेवर झाली तरी 360 वजा 368, म्हणजे रोज आठ रुपयांचा तोटा. आणि दीड महिना पैसे अडकणार म्हणजे फक्त माल, गॅस, साबण यांतच 56,000 च्या वर रक्कम घरातून घालायची.

तिने ठेकेदाराला 55 सांगितले, पैसे दर पंधरा दिवसांनी, आणि डब्यांच्या संचांसाठी अर्धी रक्कम अनामत. या भावात रोज 392 उरतात. ठेकेदार म्हणाला, "पन्नासला बघा की, ताई." पन्नासला रोज 192 उरत होते, ते तिने तिथेच काढलं, आणि सांगितलं की पन्नासला देते, पण मग पैसे दर शनिवारी.